19:19:19 मधला नायट्रोजन पावसाळ्यात कमी का भरतो?

कोल्हापूर, हातकणंगले, शिरोळ भागात ठिबकमधून सोडायच्या विद्राव्य खतांचे नमुने जून लागला की तपासणीला येऊ लागतात, आणि दरवर्षी तीच तक्रार उभी राहते. युरियाचा निकाल 46 च्या आसपास नीट येतो, डीएपीचा 18 ला नीट येतो, पण 19:19:19 कधी 15, कधी 17, आणि एकाच नमुन्याच्या दोन फ्लास्कमध्येही अर्ध्या-पाऊण टक्क्याचा फरक. मग खतच भेसळीचं आहे असं म्हणून मोकळं होण्याचा मोह होतो. तसं लिहिण्याआधी खालची तपासणी करून घ्या. दहातल्या बऱ्याच वेळा खत ठीक असतं आणि चूक फ्लास्कमध्ये असते.

इथे धरलेली मांडणी जुनीच आहे: 800 मिलीचा लांब मानेचा केल्डाल फ्लास्क, 0.5 ग्रॅम नमुना, पण युरिया असेल तर 0.2 ग्रॅमच, रिसिव्हरमध्ये पिपेटने मोजलेलं 50 मिली 0.2 नॉर्मल सल्फ्युरिक ॲसिड, आणि उरलेल्या ॲसिडचं मिथाइल रेडवर 0.2 नॉर्मल कॉस्टिकने बॅक टायट्रेशन. हिशोबाचं सूत्र:

```
%N = (B - S) x Nb x 1.4007 / W
```

B म्हणजे ब्लँकला लागलेलं कॉस्टिक, S म्हणजे नमुन्याला लागलेलं, दोन्ही मिलीमध्ये. Nb ही कॉस्टिकची नॉर्मॅलिटी आणि W वजन ग्रॅममध्ये.

आधी शेवटाकडून सुरुवात

या सूत्रात रिसिव्हरमधल्या ॲसिडची नॉर्मॅलिटी कुठेच येत नाही. ती ब्लँकमध्येच धरली गेलेली असते. ब्लँकला आणि नमुन्याला ॲसिड अगदी सारखंच घेतलं पाहिजे, म्हणून तिथे पिपेटच हवा, मेजरिंग सिलिंडर नको. निकाल ज्याच्यावर उभा राहतो ती कॉस्टिकची नॉर्मॅलिटी. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी उलटं घडतं. ॲसिड जपून स्टँडर्डाइज करतात आणि कॉस्टिकची बाटली पंधरा-पंधरा दिवस तशीच वापरात राहते. ती हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढते आणि हळूहळू पातळ पडते. लेबलवर 0.200 आणि प्रत्यक्षात 0.195 असेल तर प्रत्येक निकाल अडीच टक्क्यांनी फुगतो, म्हणजे 19 चे 19.5 होतात. कॉस्टिक ज्या इंडिकेटरवर वापरायचं त्याच इंडिकेटरवर, म्हणजे मिथाइल रेडवर, त्याच ॲसिडसमोर स्टँडर्डाइज करा.

ही चूक असली तर ती सगळ्या नमुन्यांवर सारख्या प्रमाणात दिसते. युरिया बरोबर आणि 19:19:19 चूक, असं टायट्रेशनच्या चुकीने घडत नाही. डिस्टिलेशनचंही तसंच. तरी शंका नको म्हणून एक सरळ चाचणी करा: 105 अंशांवर दोन तास वाळवलेलं शुद्ध अमोनियम सल्फेट 0.4 ग्रॅम घ्या, डायजेशन न करता थेट डिस्टिलेशन फ्लास्कमध्ये पाण्यात विरघळवा, कॉस्टिक घाला आणि डिस्टिल करा. त्याला B वजा S 30.27 मिली यायला हवं. 29.97 च्या खाली आलं, म्हणजे 99 टक्क्यांपेक्षा कमी वसुली झाली, तर डायजेशनकडे बघूच नका. बुचं, रबरी जोड, स्प्लॅश हेड आणि कंडेन्सरचं पाणी तपासा. डिलिव्हरी नळीचं टोक शेवटपर्यंत ॲसिडमध्ये बुडलेलं हवं. आणि डिस्टिलेशन चालू असताना रिसिव्हरचा लाल रंग मध्येच पिवळा पडला, तर तो फ्लास्क सरळ बाद करा. ॲसिड संपलेलं असतं आणि त्यानंतर आलेला अमोनिया हवेत गेलेला असतो. तिथे बॅक टायट्रेशन करायलाच काही उरत नाही.

ही चाचणी पास झाली, युरिया आणि डीएपीही बरोबर आले, की दोषाची जागा पक्की झाली: डायजेशन, आणि तेही फक्त नायट्रेट असलेल्या खतांचं.

नेहमीचं डायजेशन नायट्रेट पकडत नाही

19:19:19 च्या गोणीवर नायट्रोजनचे तीन भाग वेगवेगळे छापलेले असतात. साधारण युरियाचा 10.5, अमोनियाचा 4.5 आणि नायट्रेटचा 4. युरिया गरम सल्फ्युरिकमध्ये फुटून अमोनियम होतो, अमोनियम तर आधीच अमोनियम असतो. नायट्रेटचं मात्र त्या ॲसिडमध्ये नायट्रिक ॲसिड होतं आणि ते तापल्यावर उडून जातं. काही भाग तपकिरी धुराच्या रूपात दिसतो, बराचसा दिसतही नाही. म्हणून साध्या डायजेशनने 15 च्या आसपास निकाल येतो. तो ठरावीक 15 सुद्धा नसतो, कारण अर्धवट क्षपण होऊन तयार झालेलं नायट्रस ॲसिड युरियाशी भिडलं तर दोघांचा नायट्रोजन वायू होऊन निघून जातो. म्हणजे नायट्रेट जाताना सोबत दुसऱ्याचाही थोडा घेऊन जातं. त्यामुळे 15.0 अधिक 4 असा अंदाजाने जोड देणं चुकीचं आहे.

याची खात्री करायची असेल तर शुद्ध पोटॅशियम नायट्रेट साध्या डायजेशनला लावा. त्यात 13.85 टक्के नायट्रोजन आहे, आणि हाती त्यातलं फारसं काहीच लागणार नाही.

उपाय जुना आणि भरवशाचा: सॅलिसिलिक ॲसिड आणि हायपो. सल्फ्युरिकमध्ये विरघळलेलं सॅलिसिलिक ॲसिड थंडपणे नायट्रेटला आपल्या रिंगवर बांधून घेतं, म्हणजे त्याचं नायट्रोसॅलिसिलिक ॲसिड होतं. मग हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, त्या नायट्रो गटाचं अमिनो गटात क्षपण करतं. एकदा अमिनो झाला की तो प्रथिनातल्या नायट्रोजनसारखाच साध्या डायजेशनने अमोनियम होतो.

कृती अशी. 40 मिली संहत सल्फ्युरिकमध्ये 2 ग्रॅम सॅलिसिलिक ॲसिड आधीच विरघळवून ठेवा. पूर्ण कोरड्या फ्लास्कमध्ये 0.5 ग्रॅम नमुना तळाशी टाका, वरून ते थंड ॲसिड घाला, हलवा, बूच लावून किमान अर्धा तास ठेवा आणि मधूनमधून फिरवत राहा. मग 5 ग्रॅम हायपोचे खडे लांब दांड्याच्या फनेलमधून टाका, मंद आचेवर साधारण पाच मिनिटं फेस बसेपर्यंत तापवा आणि थंड करा. नंतर 15 ग्रॅम पोटॅशियम सल्फेट, 1 ग्रॅम कॉपर सल्फेट आणि उकळी उसळू नये म्हणून दोन-तीन काचमणी घालून जोरात उकळा. काळा द्रव निवळून स्वच्छ झाल्यावर आणखी दीड तास. सल्फर डायऑक्साइडचा लोट निघतो, त्यामुळे हे फ्यूम चेंबरबाहेर करायचं काम नाही.

फेस बसायच्या आधी आच वाढवली तर काळा फेस मानेपर्यंत चढतो आणि तिथेच वाळून बसतो. मानेवर पिवळ्या गंधकाची कडी दिसते, ती पुढच्या जोरदार उकळीत जळून खाली येते, तिची काळजी नको. काळे डाग मात्र फ्लास्क फिरवत उकळत्या ॲसिडनेच धुऊन खाली आणावे लागतात.

मग सॅलिसिलिक लावूनही पावसाळ्यातच कमी का?

इथे सगळे नमुन्याच्या ओलीकडे बोट दाखवतात. कोल्हापूरच्या जुलैत हवा दिवसभर ओलीचिंब असते आणि युरिया तसाही 73 टक्क्यांच्या आसपासच्या आर्द्रतेला पाणी ओढू लागतो. पोटॅशियम नायट्रेटबरोबर मिसळला की त्याहून लवकर. पावडर चिकटते, गोळा होतो, हे खरं. पण हिशोब करून बघा. 0.5 ग्रॅम नमुन्यात तीन टक्के ओल असली तरी पाणी होतं अवघं 15 मिलिग्रॅम. 40 मिली ॲसिडला त्याने काहीही फरक पडत नाही. तीन टक्के ओलीने 19 चा खरा आकडा 18.4 वर येईल, आणि तो निकाल खराच असेल, कारण खतात तेवढं पाणी आहे. 17 चं कारण ते नव्हे.

कारण आहे त्या चिकटपणामुळे हाताला लागलेली सवय. कोरडा नमुना फ्लास्कमध्ये टाकला की सरळ तळाला जातो. ओलसर नमुना मानेच्या आतल्या बाजूला चिकटतो. मग वॉश बॉटल उचलून आठ-दहा मिली पाण्याने मान धुतली जाते. पेंड, दूध पावडर, युरिया यांच्या साध्या डायजेशनमध्ये हे रोजचं आणि निरुपद्रवी असतं, कारण ते पाणी नंतर उकळून जातं. इथे तेच पाणी घात करतं. त्यावर 40 मिली ॲसिड पडलं की फ्लास्क हाताला चटका बसेल इतका तापतो आणि ॲसिडही पातळ होतं. नायट्रेटला रिंगवर बांधणारी क्रिया संहत आणि थंड ॲसिडमध्येच नीट होते. तापलेल्या, पातळ ॲसिडमधून नायट्रिक निसटतं. ॲसिड घातल्याघातल्या फ्लास्कच्या वरच्या भागात फिकट तपकिरी वाफ दिसली तर समजा, निकाल तिथेच गेला. पुढचे तीन तास उकळून काही परत मिळणार नाही.

दुसरं पाणी येतं ते धुऊन रॅकवर उपड्या ठेवलेल्या फ्लास्कमधून. एप्रिलमध्ये ते रात्रीत वाळतात. जुलैत सकाळीही तळाशी मिली-दोन मिली पाणी डोलत असतं, आणि कुठल्या फ्लास्कमध्ये किती ते कोणी बघत नाही. एकाच नमुन्याचे दोन आकडे वेगळे येण्याचं हे पहिलं कारण.

म्हणून फ्लास्क 105 अंशांच्या ओव्हनमध्ये तासभर ठेवून थंड करून घ्या. नमुना वजनाच्या लहान काचनळीतून, ती मानेतून खाली नेऊन तळाशी रिकामी करा आणि नळीचं वजन पुन्हा घ्या. फरक हेच नमुन्याचं वजन. 40 मिलीपैकी 10 मिली सॅलिसिलिकवालं ॲसिड मागे ठेवा आणि मान धुवायची असेल तर त्यानेच धुवा. नमुना मात्र ओव्हनमध्ये वाळवायला जाऊ नका. युरिया असलेलं मिश्रण 105 अंशांवर पाघळतं आणि अमोनिया सुटू लागतो.

एक नमुना आकड्यांत बघू. वजन 0.5000 ग्रॅम, कॉस्टिक 0.2000, ओल दीड टक्का. साध्या डायजेशनला ब्लँक 49.8 आणि नमुना 22.7 मिली:

```
(49.8 - 22.7) x 0.2 x 1.4007 / 0.5 = 15.18
```

सॅलिसिलिकने, पण मान पाण्याने धुऊन. ब्लँक 49.6, नमुना 18.7:

```
(49.6 - 18.7) x 0.2 x 1.4007 / 0.5 = 17.31
```

कोरडा फ्लास्क, मान ॲसिडने धुतलेली. ब्लँक तोच, नमुना 16.2:

```
(49.6 - 16.2) x 0.2 x 1.4007 / 0.5 = 18.71
```

19 मधून दीड टक्का ओलीचा वाटा काढला तर 18.7 उरतात. हिशोब जुळला. ब्लँक 49.8 वरून 49.6 वर आला हेही लक्षात घ्या. सॅलिसिलिक आणि हायपो आपल्यासोबत थोडा नायट्रोजन आणतात, म्हणून ब्लँकमध्येही दोन्ही घालूनच तो काढायचा. जुना ब्लँक वापरला तर निकाल 0.11 ने फुगतो.

ॲसिड वाचवू नका, कॉस्टिकही

पद्धत बदलली पण मापं जुनीच ठेवली, यातून दोन नवे घोटाळे तयार होतात, आणि दोन्हींचा निकाल पुन्हा कमीच.

पहिला म्हणजे 40 ऐवजी नेहमीचं 25 मिली ॲसिड घेणं. सॅलिसिलिक ॲसिड शेवटी जळायचं असतं, आणि ते सल्फ्युरिक खाऊन जळतं. 2 ग्रॅम पूर्ण जळायला सुमारे 11 मिली संहत ॲसिड खर्च होतं, हायपो आणि त्याचं गंधक आणखी तीनेक मिली खातात, शिवाय उकळताना वाफेने जातं ते वेगळं. 25 पैकी जेमतेम दहा मिली उरतं, आणि त्यात 15 ग्रॅम पोटॅशियम सल्फेट. मीठ जास्त, ॲसिड कमी झालं की उकळबिंदू 400 अंशांच्या वर सरकतो आणि तयार झालेलं अमोनियम पुन्हा फुटून अमोनिया उडतो. ओळखायची खूण सोपी आहे: फ्लास्क थंड होताच आतला माल पांढरट दगडासारखा घट्ट बसतो, हलवला तरी सरकत नाही. नीट झालेलं डायजेस्ट थंड झाल्यावर फार तर थोडे स्फटिक धरतं, बाकी द्रव राहतं.

दुसरा घोटाळा डिस्टिलेशनच्या वेळी. 25 मिली ॲसिडच्या डायजेस्टला 40 टक्के कॉस्टिकचं 90 मिली पुरतं, कारण संहत ॲसिडच्या प्रत्येक मिलीला असं कॉस्टिक 3.6 मिली लागतं. 40 मिलीने सुरुवात केली की शेवटी साधारण 25 मिली उरतं, म्हणजे 90 हा आकडा अगदी काठावर येतो. आच मंद असलेल्या हीटरवरच्या फ्लास्कमध्ये ॲसिड जास्त उरतं आणि तिथे 90 मिली पुरत नाही. शेजारच्या फ्लास्कमध्ये पुरतं. दोन फ्लास्कचे आकडे वेगळे येण्याचं हे दुसरं कारण, आणि ज्या दिवशी व्होल्टेज पडलेलं असतं त्या दिवशी ते हमखास दिसतं. 120 मिली घाला, जास्तीच्या कॉस्टिकने काही बिघडत नाही.

कॉस्टिक पुरलं की नाही हे तांबंच सांगतं. डायजेस्ट थंड करून 300 मिली पाण्याने पातळ केल्यावर ते फिकट निळं दिसतं. कॉस्टिक फ्लास्क तिरका धरून भिंतीवरून हळू सोडा, म्हणजे ते तळाशी वेगळा थर धरून बसतं. लगेच कंडेन्सरला जोडा आणि मगच हलवा. जोडण्याआधी हलवलं तर अमोनियाचा वास तुमच्या नाकाला येईल, रिसिव्हरला नाही. हलवल्यावर रंग गडद निळा व्हायला हवा आणि तापू लागताच काळपट तपकिरी गाळ धरायला हवा. हलवूनही फिकट निळंच राहिलं, तर फ्लास्क अजून ॲसिडिकच आहे आणि तासभर उकळून नुसतं पाणीच पलीकडे जाईल. त्या वेळी जोड न सोडता वरच्या फनेलमधून आणखी कॉस्टिक सोडता आलं तर नमुना वाचतो. फनेल नसेल तर तो गेलाच.

सगळं बसलं याची परीक्षा पोटॅशियम नायट्रेटवर घ्या. 0.5 ग्रॅमला B वजा S 24.73 मिली यायला हवं. 24.2 च्या वर सातत्याने आलं तर तुमचं सॅलिसिलिक डायजेशन नायट्रेट धरतंय. पावसाळ्यात ही परीक्षा प्रत्येक खेपेला एका फ्लास्कमध्ये लावून ठेवलेली बरी.

जिथे सॅलिसिलिक चालत नाही

द्रवरूप खतांना ही पद्धत लावू नका, कारण पाणी नमुन्यातच आहे. पोटॅश म्हणून म्युरेट घातलेल्या, म्हणजे क्लोराइड भरपूर असलेल्या नायट्रेट मिश्रणांनाही नको. तिथे नायट्रेट आणि क्लोराइड ॲसिडमध्ये एकत्र येऊन नायट्रोसिल क्लोराइडच्या रूपात निसटतात, सॅलिसिलिकच्या हाती लागण्याआधीच. अशा नमुन्यांना क्रोमियमची पावडर लावतात: नमुना फ्लास्कमध्ये 35 मिली पाण्यात, 1.2 ग्रॅम क्रोमियम पावडर, दहा मिनिटांनी 7 मिली संहत हायड्रोक्लोरिक, क्रिया सुरू झाल्यावर थोडा वेळ उकळी, आणि नायट्रेटचं अमोनियम झाल्यावर मग नेहमीचं सल्फ्युरिक डायजेशन. इथे पाणी शत्रू नाही. फक्त क्रोमियममुळे डायजेस्ट गडद हिरवं होतं आणि तांब्याचा रंग त्यात दिसत नाही, म्हणून कॉस्टिक पुरलं की नाही हे डिस्टिलेशन संपल्यावर फ्लास्कमधला एक थेंब पीएच पेपरवर टाकून बघावं लागतं.